जेवणाच्या टेबलाचा फोटो आणि आभाराचं पत्र



चौथीच्या वर्गात 'पाहुणचाराबद्दल आभार मानणारे पत्र लिहा' असा प्रश्न द्या आणि वह्या तपासायला घ्या. पहिल्या चार-पाच वह्यांतच सगळा वर्ग वाचून होतो. 'तुमच्या घरी आलो तेव्हा खूप मजा आली. जेवण खूप छान होते. मला खूप आवडले. तुमचे खूप खूप आभार.' मायना बरोबर असतो, तारीख जागच्या जागी असते, शुद्धलेखनही बरं असतं. गुण कापायला जागा नसते. पण हेच पत्र मामीला पाठवा, आत्याला पाठवा नाहीतर शेजारच्या काकूंना द्या, एक शब्दही बदलावा लागत नाही. ज्या बाईने पहाटे उठून स्वयंपाक केला, तिला या पत्रात स्वतःचं घर कुठेच सापडत नाही.

मुलांना सांगायचं नसतं असं नाही. जेवून आठ दिवस झाले की त्यांना पदार्थांची नावंसुद्धा नीट आठवत नाहीत, मग 'छान' हा एकच शब्द हाताशी उरतो. म्हणून हा पाठ घेताना मी जेवणाच्या टेबलाचा फोटो वापरते. हल्ली बहुतेक घरांत जेवायला बसण्याआधी कुणी ना कुणी मोबाईलवर फोटो काढतोच. तो फोटो पत्र लिहिताना कसा वाचायचा, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे या लेखात एका खऱ्या फोटोवरून सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. वर्गात मी मुलांच्या घरचे फोटो मागवत नाही, माझाच फोटो दाखवते. कुणाच्या घरी टेबल असतं, कुणाच्या घरी खाली बसून जेवतात, कुणाकडे सणाला गोड होतं आणि कुणाकडे होत नाही. पत्र शिकवताना घरांची तुलना सुरू झाली की निम्मी मुलं गप्प होतात. तुम्हीही तुमचाच फोटो दाखवा, आणि ज्यांच्या घरचा आहे त्यांना आधी विचारून घ्या.

फोटो कुठला?

मी मूळची सातारकडची. नोकरीच्या निमित्ताने गेली आठ वर्षं जळगाव जिल्ह्यात आहे. इकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. हा इथला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी मांडे होतात. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या माहेरी या आखाजीला आम्हा तिघांना, म्हणजे मी, माझे मिस्टर आणि सहा वर्षांची लेक, असं जेवायला बोलावलं होतं. बाईंच्या आईला मी काकू म्हणते.

मिस्टरांनी बसण्याआधी उभ्यानेच टेबलाचा फोटो काढला. त्यात दिसतं ते असं. मध्यभागी मोठी परात, तिच्यात चौघडी घातलेले मांडे, त्यांच्यावर अर्धवट सरकवलेला पांढरा पंचा. एका बाजूला आमरसाचं पातेलं. दुसऱ्या बाजूला रशी, वर लाल तवंग आलेली. एका ताटलीत कुरडया आणि पापड, दुसऱ्या ताटलीत गिलक्याची भजी. चार मोठी ताटं आणि एक लहान ताट. वरच्या कोपऱ्यात, टेबलाच्या मागे, भिंतीशी ठेवलेली पाण्याची मातीची घागर आणि तिच्यावर खरबूज. आणि फोटोच्या उजव्या कडेने आत आलेला एक हात, बांगड्या भरलेला, तुपाची वाटी धरलेला. चेहरा नाही, फक्त हात.

आखाजीच्या आठवड्यात शाळा सकाळची होती. हा फोटो मी छापून फळ्यावर लावला आणि मुलांना सांगितलं, 'मला काकूंना पत्र लिहायचंय. तुम्ही मदत करा.'

पहिली फेरी : काय दिसतं?

पहिल्या फेरीत फक्त दिसणाऱ्या वस्तू सांगायच्या. चांगलं-वाईट काही नाही. मुलांनी भराभर नावं घेतली आणि मी फळ्यावर लिहिली. इथे दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं.

एक म्हणजे पदार्थाचं नाव. मुलं इथलीच, त्यामुळे मांडा आणि कुरडई सगळ्यांना ओळखता आली. पण हाच फोटो मी सुट्टीत साताऱ्याला पुतण्याला दाखवला, तेव्हा त्याने मांड्याला 'रुमाली रोटी' म्हटलं. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या पदार्थाला पत्रात दुसरंच नाव पडलं, तर 'खाल्लं, पण कळलं नाही' असा त्याचा अर्थ होतो. नाव माहीत नसेल तर विचारून घ्यावं. विचारायला कुणी नसेल तर साधं वर्णन करावं, 'ती पातळ, मोठी, घडी घातलेली पोळी'. अंदाजाने नाव ठोकू नये.

दुसरं म्हणजे जेवणाशी संबंध नसलेल्या वस्तू. एक मुलगा म्हणाला, 'बाई, त्या घागरीवर खरबूज शोभेला ठेवलंय.' लगेच दोघी-तिघींनी त्याला दुरुस्त केलं. आखाजीला पितरांसाठी घागर भरतात, ती ही. त्यांना नैवेद्य दाखवून झाल्यावरच घरातले जेवतात. म्हणजे त्या दिवशी काकूंनी आधी घरच्या गेलेल्या माणसांचं केलं आणि मग आम्हाला पानावर बसवलं. फोटोच्या कोपऱ्यातली ही घागर कुणी सांगितली नसती तर मी तिला मागची सजावटच समजले असते.

फोटो घरी नसेल तर? मग मुलाला कोऱ्या कागदावर एक गोल काढायला सांगा आणि आठवेल ते ताट त्यात वाढायला सांगा. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे, ती इथे उपयोगी पडते. वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात-पोळी. 'डाव्या बाजूला काय होतं?' असं विचारलं की मुलांना एकेक आठवत जातं. नुसतं 'काय काय होतं?' विचारलं की आठवत नाही.

दुसरी फेरी : हे कधी सुरू झालं असेल?

दुसऱ्या फेरीत मी एकच प्रश्न विचारते. टेबलावरच्या प्रत्येक पदार्थापुढे लिहायचं, त्याचं काम कधी सुरू झालं असेल. या प्रश्नाने मुलं फोटोच्या मागे जातात.

भजी त्याच वेळची. गिलक्याच्या चकत्या बेसनात बुडवून तळल्या की ताटात, गार झाली की मऊ पडतात. रशी सकाळची. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की तिचं वरचं पाणी काढून घेतात. त्याला आमच्याकडे कट म्हणतात आणि त्याची कटाची आमटी करतात. इथे त्याच पाण्यात भाजलेला कांदा-खोबरं आणि काळा मसाला घालून रशी होते. म्हणजे टेबलावर एका टोकाला मांड्यातलं पुरण आणि दुसऱ्या टोकाला रशी, दोन्ही एकाच डाळीतून निघालेलं. मुलांना हे फार आवडलं.

मांड्याचं पीठ आदल्या दिवसाचं. गहू ओलवून, दळून, पीठ बारीक कापडातून गाळून घ्यावं लागतं, नाहीतर ते ताणलं जात नाही. आंबे त्याच्याही आधीचे. कच्चे उतरवून गवताच्या आढीत घातले तर पिकायला आठवडाभर जातो. आणि कुरडया सगळ्यांत जुन्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्याने कुरडया पाडायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. ते काम होळीच्या आसपास उरकलेलं असतं. आखाजीला तळायला फक्त दोन मिनिटं लागतात.

मुलांनी फळ्यावर उलट्या क्रमाने यादी केली : कुरडया दीड महिना आधी, आंबे आठवडाभर आधी, पीठ काल, डाळ पहाटे, भजी आत्ता. टेबलावर सगळं एकाच वेळी मांडलेलं दिसतं, पण ते एका वेळी झालेलं नसतं. पत्रात हे सगळं लिहायचं नाही. पण ही यादी डोळ्यासमोर असली की 'जेवण छान होते' हे वाक्य मुलांचं त्यांनाच अपुरं वाटायला लागतं.

याच फेरीत एक मुलगी बोलली, जी एरवी वर्गात फारशी बोलत नाही. तिची आजी लग्नाघरी मांडे करायला जाते. ती फोटोजवळ आली, परातीकडे बराच वेळ बघत राहिली आणि अर्धं अहिराणीत, अर्धं शाळेच्या मराठीत सांगायला लागली. मांडा हातावर फिरवून मोठा करताना कुठे फाटला, की त्यातलं पुरण उलट्या ठेवलेल्या खापरावर पडतं आणि जळतं. ते लगेच पुसून काढलं नाही, तर पुढच्या मांड्यांना काळे डाग लागतात. 'बाई, या मांड्यांना डागच नाहीत. म्हणजे एकपण फाटला नाही, नाहीतर कुणीतरी खापर पुसायला बसलं होतं.' थोडं थांबून म्हणाली, 'आणि हे एकटीचं काम नाहीये. एक लाटून देते, एक खापरावर असते.'

मधल्या सुट्टीत मी आमच्या बाईंना विचारलं. मुलीचं दोन्ही खरं निघालं. शेजारच्या दोन काकू सकाळपासून मदतीला होत्या आणि स्वतःच्या घरचा सण म्हणून जेवायला न थांबता गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटचा मांडा खापरावर पडत होता, त्या दोघींना मी पाहिलंही नव्हतं. फोटोत त्या नाहीत. पण फोटोतला प्रत्येक मांडा त्यांच्या हाताखालून गेलेला.

तिसरी फेरी : आपल्यासाठी म्हणून काय केलं?

ही फेरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून शेवटी. प्रश्न असा : हे जेवण दुसऱ्या कुणाला वाढलं असतं तर टेबलावरची कुठली गोष्ट नसती?

मुलांनी आधी आमरस म्हटलं, मग मांडे. नाही, ते तर सणाला केलंच असतं. मग एकाने लहान ताटाकडे बोट दाखवलं. चार मोठ्या ताटांत रशीच्या वाट्या लालभडक आहेत. लहान ताटातली वाटी मात्र फिकी, पिवळसर आहे, वर तवंग नाही. माझी लेक तिखट खात नाही. काकूंनी मसाला घालायच्या आधीच तिच्यापुरती रशी बाजूला काढून ठेवली होती.

फोटो मोबाईलवर बारीक दिसतो तेव्हा ही वाटी नजरेत येत नाही. तो मोठा करून, कोपऱ्या-कोपऱ्यातून बघावा लागतो. अशी एखादी गोष्ट जवळजवळ प्रत्येक पाहुणचारात सापडते. आजोबांना दात नाहीत म्हणून वेगळा काढलेला मऊ भात, उपवास असलेल्या आत्यासाठी ठेवलेली साबुदाण्याची वाटी, डावखुऱ्या मुलाला दिलेली कडेची जागा. आभाराचं पत्र या एका गोष्टीभोवती उभं राहतं. ती सापडली की बाकीचं पत्र पाच मिनिटांत लिहून होतं. सापडली नाही तर मुलाला विचारा, 'तुला काय नको असतं? मग तुझ्या ताटात ते होतं का?' बहुतेक वेळा उत्तर तिथे मिळतं.

वाक्यात 'तुम्ही' कुठे आहे?

आता लिहिण्याकडे येऊ. फोटो समोर ठेवून लिहायला सांगितलं की मुलं चित्रवर्णन लिहितात. 'टेबलावर परात आहे. परातीत मांडे आहेत. बाजूला आमरस आहे.' हे चित्रवर्णनाच्या प्रश्नाला चालेल. पत्रात नाही, कारण काकूंना त्यांच्या टेबलावर काय होतं ते माहीत आहे.

यावर मी मुलांना एकच सोपी गोष्ट करायला लावते. प्रत्येक वाक्यात 'तुम्ही' आणायचं आणि क्रियापद भूतकाळात न्यायचं. 'परातीवर पंचा आहे' याचं होतं, 'मांडे वाळू नयेत म्हणून तुम्ही वर पंचा घातलात.' 'लहान वाटीत फिकी रशी आहे' याचं होतं, 'तुम्ही लेकीसाठी फिकी रशी वेगळी ठेवलीत.' वस्तू कर्त्याच्या जागेवरून हलते आणि माणूस तिथे येतो. शिवाय 'म्हणून' आपोआप येतं, कारण माणसाने केलेल्या गोष्टीला कारण असतं.

इथे शेवटचा 'त' सांभाळा. तुम्ही घातलात, तुम्ही ठेवलीत, तुम्ही केलेत, तुम्ही वाटलंत. बोलताना आपल्याकडे बऱ्याच भागांत हा 'त' गळतो, 'तुम्ही ठेवली' असं म्हणतात आणि ते कानाला खटकतही नाही. पण मोठ्यांना लिहिताना तो लिहावा. मुलांना मी सांगते, 'त' दिसला की समजायचं, वाक्य थेट समोरच्या माणसाशी बोलतंय. तपासतानाही मला हे सोपं जातं. वहीत एकही 'लात, लीत, लंत' दिसलं नाही, तर ते पत्र नाही, चित्रवर्णन आहे.

दुसरी गोष्ट 'छान' या शब्दाची. त्यावर मी बंदी घालत नाही, फक्त विचारते, 'छान होतं हे कशावरून?' मग उत्तर येतं : तिसऱ्यांदा आमरस मागितला, भज्यांची ताटली रिकामी झाली, घरी आल्यावर लेकीने तसंच कर म्हणून हट्ट धरला. ते लिहायचं. काकूंना 'छान' पेक्षा रिकामी ताटली जास्त कळते.

दिसलं तरी लिहायचं नाही असं काही

फोटो सगळंच दाखवतो, म्हणून थोडं गाळायलाही शिकवावं लागतं. एका मुलाने अचूक टिपलं होतं की टेबलावर घातलेलं प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलंय. नजर चांगली म्हणून मी त्याचं कौतुक केलं आणि मग वर्गालाच विचारलं, हे पत्रात घ्यायचं का? सगळे 'नाही' म्हणाले, पण का नाही ते सांगायला वेळ लागला. शेवटी त्यानेच सांगितलं, 'ते आपल्यासाठी केलेलं नाहीये.'

याच कसोटीवर आणखी काही गोष्टी गळतात. पदार्थांची मोजणी, 'आठ पदार्थ होते' वगैरे. खर्चाचा अंदाज. 'आमच्या आईपेक्षा चांगलं' किंवा 'मामीकडे इतकं नव्हतं' अशी तुलना, कारण त्यात एकीचं कौतुक करताना दुसरीला कमी लेखलं जातं. आणि कृती विचारणं. 'मांडे कसे करतात ते कळवा' असं लिहिलं की आभाराच्या पत्राचं चौकशीपत्र होतं. ते पुढच्या भेटीत विचारावं.

तयार झालेलं पत्र

मायन्यावर थोडा वेळ गेला. स्वतःच्या आई-वडिलांना लिहिताना 'तीर्थरूप' आणि आई-वडिलांच्या जागी असलेल्या इतर मोठ्यांना 'तीर्थस्वरूप', ही जुनी रीत मुलांना सांगितली. हल्ली 'आदरणीय' किंवा नुसतं 'प्रिय काकू' लिहिलं तरी चालतं. काकू जुन्या वळणाच्या, म्हणून मी जुना मायना ठेवला. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पत्र त्यांना बहुधा लेकच वाचून दाखवणार, म्हणून वाक्यं छोटी ठेवली, ऐकताना कळतील अशी. वर उजवीकडे गाव आणि तारीख होती. पुढचं पत्र असं :

तीर्थस्वरूप काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजीला तुम्ही आम्हा तिघांना आग्रहाने जेवायला बोलावलंत, त्याबद्दल हे पत्र. जेवणाआधी टेबलाचा एक फोटो काढला होता. तो परवा वर्गात मुलांना दाखवला.

लेकीच्या लहान ताटात तुम्ही बिनतिखटाची रशी वेगळी ठेवलीत. आमच्या चारही वाट्या लाल आणि तिची एकच पिवळी, हे फोटोत अगदी उठून दिसतं. मसाला घालायच्या आधीच तुम्ही तिची आठवण ठेवलीत. तिने त्या रशीत मांडा कुस्करून सगळा संपवला. घरी आल्यापासून 'आजीसारखी रशी कर' म्हणून मागे लागली आहे.

आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर करतात. खापरावर पडणारा मांडा मी तुमच्याच घरी पहिल्यांदा पाहिला. परातीतल्या एकाही मांड्याला डाग नव्हता. ते किती अवघड असतं हे मला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, तिची आजीही मांडे करते. तुमच्या मदतीला सकाळपासून आलेल्या शेजारच्या दोघी काकूंनाही माझा नमस्कार सांगा. त्यांची भेट झाली नाही, पण त्यांच्या हातचं आम्ही जेवलो.

घागर भरून, घरच्या पितरांचं करून मग तुम्ही आम्हाला वाढलंत. सणाच्या दिवशी घरच्यासारखं पानावर बसवलंत, हे आम्ही लक्षात ठेवू.

फोटोत तुमचा फक्त हात आला आहे, तूप वाढताना. पुढच्या वेळी आधी तुम्ही बसा, मी वाढते. फोटोची एक प्रत सोबत पाठवते आहे.

तुमची,
लेकीची मैत्रीण

पत्रात आमरस नाही, भजी नाहीत, पापड-कुरडया नाहीत. मुलांना हे आधी पटलं नाही. 'बाई, कुरडया तर दीड महिना आधीच्या!' असं एक जण म्हणालाच. खरं आहे, कुरडईवरही एक चांगलं पत्र होऊ शकतं, आणि त्याने ते त्याच्या मावशीला लिहिलंही. पण एका पत्रात दोन-तीन गोष्टी नीट सांगितल्या तर त्या पोहोचतात. सगळ्या टाकल्या की परत यादी होते.

पुढे काय झालं

पत्र आमच्या बाईंनी रविवारी माहेरी नेलं आणि वाचून दाखवलं. काकूंनी ते दोनदा वाचायला लावलं, असं त्यांनी सोमवारी सांगितलं. रशीचं वाक्य आल्यावर काकू म्हणाल्या, 'तिला दिसलं का ते?' आणि शेजारच्या दोघींना बोलावून त्यांच्यापुरता भाग पुन्हा वाचून घेतला. त्या दोघींना आखाजीच्या मांड्यांसाठी कुणी नमस्कार सांगितल्याचं ते पहिलंच, असं त्या म्हणाल्या म्हणे.

वर्गात मुलांनी मग आपापली पत्रं लिहिली, कुणी मामाला, कुणी आत्याला. डागांचं सांगणाऱ्या त्या मुलीने विचारलं, 'बाई, माझी आजी ज्या लग्नात मांडे करते, तिथे जेवण घालणारे वेगळे असतात. मग मी आजीला लिहू का?' लिही म्हटलं. यजमानाला लिहायच्या पत्रात हे बसतं का, असा प्रश्न एखाद्या तपासनीसाला पडेल. मला पडला नाही. तिच्या पत्रात एक वाक्य होतं की आजी मांडे करून आली की तिच्या हाताच्या केसांना जळल्याचा वास येतो. हे वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं नसतं.

पालकांनी घरी हे करून पाहायचं असेल, तर जेवायला बसण्याआधी एक फोटो वरून काढा, सगळी ताटं येतील असा. जेवणानंतर काढलेल्या फोटोत उष्ट्या ताटांशिवाय काही सापडत नाही. दोन-तीन दिवसांत, आठवण ताजी असताना, मुलाबरोबर बसून तो मोठा करून बघा आणि तीनच प्रश्न विचारा : काय दिसतं, हे कधी सुरू झालं असेल, आणि आपल्यासाठी म्हणून काय केलं? उत्तरं मुलालाच देऊ द्या. पत्र आठ-दहा वाक्यांचं पुरे, पोस्टकार्डावर मावेल इतकं.

लिहून झाल्यावर मायन्यातलं नाव बोटाने झाका आणि मुलाला विचारा, हे पत्र दुसऱ्या कुणाच्या घरी पाठवता येईल का? 'येईल' असं उत्तर आलं, तर फोटो पुन्हा उघडा आणि ताटं एकेक करून बघा.